लग्नाच्या ग्रुप फोटोतून गोल डीपी कापताना आधी कानाच्या रेषेत बघा

डीपीसाठी वेगळा फोटो काढून घेणारे लोक कमीच. बहुतेकांचा चांगला फोटो लग्नातलाच असतो. लातूर, परभणी किंवा जालन्याच्या एखाद्या मंगल कार्यालयात डोक्याला फेटा बांधलेला, आजूबाजूला मावसभाऊ, मागे स्टेजचा झगमगाट आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. अशा फोटोतून फक्त आपला चेहरा गोलात आणायचा, तर "मध्यभागी ठेवून क्रॉप करा" एवढ्या सल्ल्याने काम होत नाही. कुठे किती ठेवायचं, ते पुढे आकड्यांनिशी दिलं आहे.

मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत लहान झालेली असते. फोटोग्राफरकडून किंवा भावाकडून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. ४००० पिक्सेल रुंदीच्या मूळ फोटोत डोकं ६२० पिक्सेल उंच असेल, तर १६०० रुंदीच्या प्रतीत ते २४८ उरतं, आणि त्यातून कापलेला डीपी कुणी मोठा करून पाहिला की पिठासारखा दिसतो. मूळ फोटोतच डोकं २०० पिक्सेलच्या खाली असेल तर तो फोटो सोडून द्या. ॲपने ताणून मोठा केल्याने चेहऱ्यात नवा तपशील येत नाही.

क्रॉपमध्ये १:१ चौकोन निवडा. गोल कापू नका. गोलाई ॲप स्वतः देतं, आपण चौकोनच द्यायचा. आधीच गोल कापून जेपीजी केलेल्या फोटोचे कोपरे पांढरे किंवा काळे होतात, आणि ॲपचा गोल आपल्या गोलावर तंतोतंत बसला नाही की कडेला पांढरी किनार दिसते.

आता खरं काम. चौकोनात बसवलेला गोल चौकोनाचा साधारण ७८ टक्के भाग ठेवतो. गेलेला बाकीचा सगळा भाग चार कोपऱ्यांतला असतो. म्हणून कोपऱ्यातल्या पसाऱ्याची चिंता करायची नाही. फ्लेक्सवरची नावं, खुर्च्यांची रांग, स्टेजच्या वरच्या कोपऱ्यातला फोकस हे सगळं आपोआप जातं. बीबी का मकबऱ्यासमोर काढलेल्या फोटोचंही हेच होतं. चेहरा मोठा घेतला की बाजूचे मिनार कोपऱ्यात किंवा चौकोनाबाहेर जातात आणि मागे पांढऱ्या भिंतीचा एक तुकडा उरतो. चेहरा आणि वास्तू दोन्ही गोलात आणायचा हट्ट सोडा. नखाएवढ्या डीपीत दोन्ही दिसत नाहीत.

गोल कोपऱ्यात इतकं कापतो, पण मधोमध काहीच कापत नाही. निम्म्या उंचीवर गोलाची रुंदी चौकोनाएवढीच असते, आणि नीट बसवलेल्या चेहऱ्याचे डोळे आणि कान जवळपास त्याच पट्ट्यात येतात. शेजाऱ्याचा अर्धा गाल, त्याच्या फेट्याची कड, मागून डोकावणारं पोरगं हे नेमकं कानाच्या रेषेत असेल तर ते गोलातही राहतं. फोटो निवडतानाच दोन्ही कानांच्या बाहेर काय आहे ते बघा. तिथे मोकळी भिंत किंवा पडदा असेल तर निम्मं काम झालं समजा.

डोक्यावर काही नसेल तर माप सोपं आहे. केसांपासून हनुवटीपर्यंतची उंची गोलाच्या सुमारे ६५ टक्के ठेवा, वर १२ टक्के मोकळं सोडा. म्हणजे हनुवटी वरून ७७ टक्क्यांवर येते आणि डोळे मध्यरेषेच्या किंचित वर बसतात. फोनच्या क्रॉपमध्ये आकडे दिसत नाहीत, पण तीन-तीन घरांची जाळी दिसते. हनुवटी खालच्या आडव्या रेषेच्या थोडी खाली आणि डोळे मधल्या घराच्या वरच्या अर्ध्या भागात आले की माप जमलं. ५० टक्क्यांच्या खाली गेलात तर चॅटच्या यादीत माणूस ओळखू येत नाही. ८० च्या वर गेलात तर हनुवटी आणि केस कडेला चिकटतात.

फेटा असेल तर हिशोब बदलतो. वर दिलेलाच फोटो घ्या. फेट्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंत ६२० पिक्सेल. तुरा माथ्याच्या आणखी १२० वर जातो आणि त्याचं टोक चेहऱ्याच्या मध्यरेषेपासून २०० पिक्सेल बाजूला आहे. ६२० म्हणजे ६५ टक्के धरले तर चौकोन ९५४ चा येतो, तो ९६० करा. सगळ्यात वरच्या कडेला गोलाची रुंदी शून्य असते आणि खाली येताना ती वाढत जाते. ५६ पिक्सेल खाली आल्यावर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण २२५ पिक्सेल मिळतात. म्हणजे तुऱ्याचं टोक ५६ वर ठेवलं तर २०० वरचा तुरा २५ ची मोकळीक ठेवून पूर्ण मावतो. मग फेट्याचा माथा १७६ वर आणि हनुवटी ७९६ वर येते, आणि खाली मान व कॉलरसाठी १६४ उरतात. डोळे मध्यरेषेच्या थोडे खाली जातील. फेट्यासोबत तेच बरोबर दिसतं, त्यामुळे ते वर ओढू नका. चेहरा वर ओढला की तुरा कापला जातो.

खांद्यावरच्या हाताला लोक उगाच घाबरतात. ९६० च्या या चौकोनात वरून ८६० वर गोलाची अर्धी रुंदी २९३ असते. हाताची बोटं मध्यरेषेपासून ३३० वर असतील तर ती गोलाबाहेरच आहेत, पुसत बसायची गरज नाही. बोटं कॉलरपर्यंत आली असतील तर मात्र चौकोन लहान करावा लागेल.

कानाच्या रेषेतला शेजारी राहिला. या फोटोत त्याच्या फेट्याची कड मध्यरेषेपासून ४४० वर सुरू होते आणि आपला गोल ४८० पर्यंत जातो. म्हणजे ४० पिक्सेलची लाल-केशरी पट्टी आत येते. गोल चेहऱ्यापेक्षा डावी-उजवीकडे ४० पिक्सेल सरकवता येईल, पण सरकवण्याची हद्द रुंदीच्या ५ टक्के एवढीच, इथे ४८. त्यापुढे चेहरा एका बाजूला पडलेला दिसतो. सरकवण्याआधी तुऱ्याची बाजूही बघा. शेजारी आणि तुरा एकाच बाजूला असतील तर सरकवताना तुऱ्याची २५ ची मोकळीक संपते आणि टोक कापलं जातं. मग चौकोन घट्ट करायचा. डोकं ७२ टक्के केलं तर चौकोन ८६१ चा होतो, गोल ४३० वर थांबतो आणि शेजारी बाहेर जातो. पण तुरा पूर्ण ठेवला तर हनुवटीखाली जेमतेम ५७ उरतात आणि चेहरा कडेवर टेकल्यासारखा दिसतो. इथे तुरा सोडा. फेट्याचा माथा ८६ वर घ्या, हनुवटी ७०६ वर येईल आणि खाली १५५ मोकळे राहतील. तुऱ्याचा खालचा एक तृतीयांश तेवढा दिसेल. तुरा असा स्पष्ट कापलेला चालतो, नुसतं टोक कापलेलं चुकीसारखं दिसतं. पूर्ण ठेवा किंवा मोठा भाग कापा.

इतकं करूनही मागे काहीतरी खुपत असेल तर बॅकग्राउंडला हात लावायचा. सगळ्यात जास्त फोटो इथेच बिघडतात, कारण लोक थेट "बॅकग्राउंड काढा" दाबून खाली निळा किंवा पांढरा रंग टाकतात. केसांच्या कडेचा प्रत्येक पिक्सेल अर्धा केसाचा आणि अर्धा मागच्या रंगाचा असतो. मंगल कार्यालयाच्या पिवळसर पडद्यासमोर काढलेला चेहरा गडद निळ्यावर ठेवला की तो अर्धा पिवळा तसाच राहतो आणि कानाभोवती, दाढीभोवती मळकट किनार उमटते. फेट्याची कड कापडाची असते, ती स्वच्छ कापली जाते. किनार दिसते ती कानावरचे केस, दाढी आणि मोकळे केस यांच्याभोवती. चष्मा असेल तर काडी आणि कान यांच्यामधल्या फटीतही जुना पडदा राहून जातो, तिथे मोठं करून बघा.

म्हणून मागचं काढू नका, दाबा. मूळ बॅकग्राउंड तसंच ठेवून फक्त त्याचा उजेड आणि रंगाची तीव्रता कमी करा. स्नॅपसीडच्या ब्रशने हे फोनवरच होतं. मागचा भाग आधी सॅच्युरेशनने फिका करायचा, मग एक्स्पोजरने एक पायरी खाली आणायचा. चेहऱ्याजवळ ब्रश मोठा ठेवून कड अलगद सोडा, केसांना चिकटून रेघ ओढू नका. पिक्सेल मूळचेच असल्यामुळे किनार तयारच होत नाही. डोक्यावरून ट्यूबलाइट उगवल्यासारखी दिसत असेल तर ती हीलिंगने पुसा. पण ती सपाट भिंतीवर असेल तरच. नक्षीदार पडद्यावर हीलिंग नक्षी विस्कटतं.

नुसतं ब्लर करायचा सल्लाही अर्धवट आहे. चेहरा जागेवर ठेवून मागचं ब्लर केलं की त्वचेचा आणि फेट्याचा रंग मागे पसरतो आणि डोक्याभोवती धुरकट कडं पडतं. ब्लर हवाच असेल तर मागच्या थरातून आधी माणूस पुसून घ्या, मग तो थर ब्लर करा.

रंग बदलायचाच असेल, म्हणजे कामाच्या ठिकाणी सगळ्यांचे डीपी एकाच रंगावर हवे असतील, तर नवा रंग जुन्याच्याच उजेडाचा निवडा. पिवळसर पडद्याच्या जागी फिकट राखाडी किंवा साय रंग चालतो, काळा चालत नाही. गिम्पमध्ये डोकं निवडल्यावर मास्क लावण्याआधी हे करा:

```
Select > Shrink…   2 px
Select > Feather…  2 px
Layer > Mask > Add Layer Mask…  (Selection)
```

या दोन पिक्सेलमध्ये सगळ्यात बाहेरचे मिसळलेले पिक्सेल जातात. पाचवर नेलंत तर कानाची कड आणि फेट्याची घडी खाल्ली जाते. मोकळ्या केसांचा फोटो असेल तर हा मार्ग सोडा आणि वर सांगितल्याप्रमाणे मागचं दाबा.

चौकोन १००० पिक्सेलच्या आसपास असेल तर तसाच जेपीजीमध्ये साठवा. लहान असेल तर आहे तेवढाच ठेवा, मोठा करू नका. मूळ फोटोवर कधीही साठवू नका.

लावल्यावर दोन ठिकाणी तपासा. आधी चॅटच्या यादीत, हात लांब करून. तिथे डोळ्यांच्या जागी दोन गडद ठिपके वेगळे दिसले पाहिजेत. फेट्याची सावली कपाळावर पडून ते एकात मिसळले असतील, तर क्रॉप बदलून उपयोग नाही, चेहऱ्याचा उजेड वाढवावा लागेल. मग डीपी उघडून मोठा बघा. काही ॲप उघडल्यावर पूर्ण चौकोन दाखवतात. गोलाने लपवलेला खांद्यावरचा हात आणि मावसभावाचा फेटा तिथे पुन्हा दिसतो. ते नको असेल तर कोपऱ्यांतही बॅकग्राउंड दाबून घ्या.