व्याजदर कडक की सैल? हिशेब नेमका कुठे चुकतो

व्याजदर कडक आहे की सैल, हे ठरवायला मध्यवर्ती बँकेचा धोरण दर आणि तटस्थ दर शेजारी मांडायचे, वजाबाकी करायची आणि निकाल द्यायचा, इतकं हे सोपं वाटतं. अडचण अशी की या वजाबाकीतला एकच आकडा रोज डोळ्यांना दिसतो. बाकीचे आपण गृहीत धरतो, आणि चुका तिथेच होतात.

तटस्थ वास्तव दर म्हणजे महागाई वजा केल्यावर उरणारा असा व्याजदर, ज्यावर अर्थव्यवस्था तापत नाही आणि थंडही पडत नाही. जाणकार त्याला आर-स्टार म्हणतात. प्रत्यक्ष वास्तव दर त्याच्या वर असेल तर धोरण कडक, खाली असेल तर सैल.

आता अमेरिकेतला २७ जुलै २०२२ चा दिवस घ्या. फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, धोरण दर वाढवून २.२५ ते २.५० टक्के केला. आपण तटस्थ पट्ट्यात आलो आहोत, असं फेडचे तेव्हाचे अध्यक्ष जेरोम पॉवेल त्या दिवशी म्हणाले आणि त्यावरून वाद पेटला. फेडच्या सदस्यांच्या अंदाजांत दीर्घ मुदतीचा, म्हणजे तटस्थ, दर साधारण २.५ टक्के होता. त्यातली २ टक्के महागाई म्हणजे फेडचं उद्दिष्ट. उरलेला अर्धा टक्का हा आर-स्टार.

पहिली चूक इथेच दिसते. २.५ हा आकडा महागाई २ टक्के असतानाचा आहे. त्या वेळी लोकांना पुढच्या वर्षभरात किती महागाई अपेक्षित होती? मिशिगन विद्यापीठाच्या पाहणीत उत्तर होतं सुमारे ५.२ टक्के. २.२५ ते २.५० चा मध्य सुमारे २.४ धरला, तर वास्तव दर येतो उणे २.८. आर-स्टार अर्धा टक्का, म्हणजे धोरण तटस्थ पातळीच्या ३.३ टक्के खाली. याला तटस्थ कसं म्हणायचं?

याच्या उलट चूकही तेव्हा सर्रास होत होती. नुकताच जूनचा ९.१ टक्के महागाईचा आकडा आला होता. तोच २.४ मधून वजा करून ‘वास्तव दर उणे ६.७’ असं ओरडणारे कमी नव्हते. पण कर्ज घेणारा पुढच्या वर्षाचा विचार करतो, मागच्या वर्षाची महागाई त्याच्यासाठी होऊन गेलेली असते. म्हणून वजा करायची ती अपेक्षित महागाई. तीही एकाच ठिकाणाहून घेऊ नका. घरगुती पाहण्यांत लोक महागाई सहसा जास्तच सांगतात. समजा दीड टक्का कापला आणि अपेक्षा ३.७ धरली, तरी वास्तव दर उणे १.३ येतो. आकडा बदलला, पण निकाल सैलच राहिला. निकाल असा टिकतो का, हे पाहणं मला एका नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आर-स्टारवर फार भरवसा ठेवणं ही तिसरी चूक. तो कुठे मोजता येत नाही, प्रतिमानांतून अंदाजावा लागतो. न्यूयॉर्क आणि रिचमंड या फेडच्याच दोन शाखांची प्रतिमानं अलीकडच्या वर्षांत एकमेकांशी पटत नव्हती. एकाचा अंदाज एका टक्क्याच्या आसपास, दुसऱ्याचा दोनच्या वर. आणि नवी आकडेवारी आली की मागचे अंदाजही बदलतात. म्हणून आर-स्टार अर्धा, एक आणि दोन धरून तीनदा वजाबाकी करा. तिन्ही वेळा चिन्ह तेच आलं तर ठामपणे बोला. चिन्ह बदललं, तर ‘तटस्थाच्या जवळपास’ याहून जास्त बोलू नये.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. धोरण दर एका रात्रीच्या उसनवारीचा असतो, घर घेणारा मात्र तीस वर्षांचा दर पाहतो. अमेरिकेत २०२२ च्या सुरुवातीला गृहकर्जाचा दर तीन टक्क्यांच्या थोडा वर होता. जुलैत तो साडेपाचच्या आसपास गेला, कारण बाजाराने पुढच्या दरवाढी आधीच हिशेबात धरल्या होत्या. धोरण दर सैल असतानाच घरबाजाराला चिमटा बसू लागला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

शेवटची चूक म्हणजे दर बदलला नाही, तर धोरणही बदललं नाही असं समजणं. जुलै २०२३ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत फेडचा दर ५.२५ ते ५.५० वर थांबलेला होता. त्या काळात अन्न आणि इंधन वगळलेली वार्षिक महागाई ४.७ वरून ३.२ टक्क्यांवर आली. तिच्याबरोबर अपेक्षाही उतरल्या असतील, तर कुणी बोट न लावता धोरण कडक होत गेलं. तरीही त्या काळात अर्थव्यवस्था फारशी मंदावली नाही. काहींनी त्यावरून आर-स्टारच वर सरकल्याचं अनुमान काढलं. पण सरकारी खर्च मोठा असणं, किंवा जुन्या गृहकर्जांचे दर कमी पातळीवर बांधलेले असणं, हीसुद्धा कारणं असू शकतात. नुसत्या वाढीच्या आकड्यावरून ही कारणं वेगळी काढता येत नाहीत.