गरोदरपणातला मधुमेह आणि शाकाहारी ताट: कर्बोदकं वाटून खाताना या चुका टाळा

साखर बंद केली, गोड बंद केलं, भात अर्ध्यावर आणला, तरी मीटरवर आकडा १६० च्या घरात. शाकाहारी गरोदर बाईच्या बाबतीत हे फार वेळा दिसतं आणि त्याचं कारण बहुतेकदा गोडात नसून प्रथिनांमध्ये असतं. अंडी किंवा मासे खाणाऱ्या बाईला जवळपास शून्य कर्बोदकांत प्रथिनं मिळतात. आपली प्रथिनं डाळ, कडधान्यं आणि दूध यांतून येतात, आणि ती येताना कर्बोदकं सोबत घेऊन येतात. आहाराचा कागद हातात असूनही आकडे चढतात ते इथेच.

आधी मोजमाप. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण ७१ ग्रॅम प्रथिनं लागतात. साखरेचं सर्वसाधारण लक्ष्य असं: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर १ तासाने १४० च्या आत किंवा २ तासांनी १२० च्या आत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले असतील तर तेच धरा. हा तास जेवण संपल्यापासून मोजायचा नाही, पहिला घास घेतला तिथून मोजायचा. अर्धा तास निवांत जेवून मग तास लावला, तर तुम्ही प्रत्यक्षात दीड तासाचा आकडा लिहीत असता, आणि तो उगाचच चांगला दिसतो. उलटही होतं. फळ सोलून, हात न धुता बोट टोचलं तर त्या रसातली साखर पट्टीवर जाते आणि मीटर भलताच मोठा आकडा दाखवतं. आकडा चमत्कारिक वाटला तर हात साबणाने धुऊन, नीट कोरडे करून पुन्हा तपासा आणि मगच घाबरा.

चूक पहिली: डाळ म्हणजे फक्त प्रथिन असं धरणं

अंदाज बांधायला काही आकडे डोक्यात असलेले बरे. ३० ग्रॅम कणकेची एक पोळी म्हणजे सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं. १५० ग्रॅम शिजलेला भात, म्हणजे साधारण एक भरलेली वाटी, ४० च्या पुढे. ३० ग्रॅम कोरड्या डाळीचं किंवा कडधान्याचं जे काही बनेल, त्यात सुमारे १८ ग्रॅम कर्बोदकं आणि ७ ग्रॅम प्रथिनं. मोठा ग्लासभर दूध १२ ग्रॅम. पनीर, टोफू आणि शेंगदाणे मात्र वेगळ्या रांगेतले: ६० ग्रॅम पनीरमध्ये कर्बोदकं दोनएक ग्रॅम आणि प्रथिनं ११ च्या आसपास.

समजा, २९ व्या आठवड्यातली एक बाई आहे. ती सांगते, "रात्री मी भात फक्त एकच वाटी घेते." खरंच एकच वाटी घेते. पण त्याबरोबर वाटीभर डाळ, आणि प्रथिनं वाढवा असं सांगितलं म्हणून वाटीभर उसळ. हिशोब मांडला तर भाताचे ४२, डाळीचे १८, उसळीचे १८, म्हणजे ७८ ग्रॅम एका बैठकीत. तासाने आकडा १५८. तिने भात आणखी कमी केला असता तर ती उपाशी राहिली असती आणि प्रथिनंही फार वाढली नसती. त्याऐवजी एका जेवणात डाळ किंवा उसळ यांपैकी एकच ठेवायची, भात अर्धी वाटी, आणि राहिलेल्या प्रथिनासाठी १०० ग्रॅम टोफू किंवा ५० ग्रॅम पनीर पालेभाजीत घालायचं. ताट तेवढंच भरलेलं दिसतं, पण कर्बोदकं ४५ वर येतात.

डाळ वाईट आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. तंतुमय असल्यामुळे ती साखर हळू चढवते आणि तेवढ्याच कर्बोदकांच्या भातापेक्षा कितीतरी बरी. फक्त तिची गणती पोळी-भाताच्या बाजूला करायची, भाजीच्या बाजूला नाही. कोरडं वजन आणि शिजलेलं वजन यांची गल्लतही इथेच होते, म्हणून निदान एक आठवडा शिजवण्याआधी वजन करा. नंतर नजर बसते.

चूक दुसरी: सगळी जेवणं सारखी वाटणं

१७५ ला सहाने भागून प्रत्येक वेळी २९ ग्रॅम, हे गणित कागदावर बरोबर आणि शरीरात चूक. सकाळी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं जोरात असतात आणि इन्सुलिनला शरीर सर्वात कमी दाद देतं. दुपारी जी मात्रा सहज पचते, तीच नाश्त्याला आकडा उडवते. म्हणून नाश्ता बहुतेकींना १५ ते ३० ग्रॅमच्या आतच झेपतो.

वरच्याच बाईचा नाश्ता पाहू. ५० ग्रॅम ओट्स, ग्लासभर दूध, एक केळं. ऐकायला किती शहाणा नाश्ता! पण ओट्सचे ३३, दुधाचे १२, केळ्याचे २५ च्या वर, म्हणजे ७० ग्रॅम, तेही अर्धं पातळ रूपात आणि दिवसाच्या सर्वात अवघड वेळी. तासाने १६८. बदल असा केला: एक पोळी, ६० ग्रॅम पनीर कांदा आणि ढोबळी मिरचीत परतून. एकूण सुमारे २५ ग्रॅम. तीन दिवसांत आकडा १२५ ते १३० मध्ये स्थिरावला. दूध आणि फळ बंद नाही केलं, फक्त नाश्त्यातून उचलून दिवसात पुढे ढकललं.

तिचा पूर्ण दिवस असा बसला:

साडेसातला नाश्ता, २५ ग्रॅम. साडेदहाला एक छोटं सफरचंद आणि मूठभर शेंगदाणे, २० ग्रॅम. दीड वाजता एक पोळी, वाटीभर उसळ, १०० ग्रॅम दही आणि भरपूर पालेभाजी, ४५ ग्रॅम. साडेचारला २०० मिली दूध आणि थोडे भाजलेले चणे, २० ग्रॅम. आठला अर्धी वाटी भात, डाळ, टोफू घातलेली भाजी, ४५ ग्रॅम. साडेदहाला झोपण्यापूर्वीचं खाणं, २० ग्रॅम. बेरीज १७५, आणि प्रथिनं सत्तरीच्या पुढे.

हा काही सगळ्यांना लागू होणारा तक्ता नाही. कुणाला नाश्त्याला १८ ग्रॅमच झेपतात, कुणाला दुपारी ५५ चालतात. मीटर सांगेल तसं १०-१० ग्रॅम इकडचे तिकडे सरकवायचे, आणि एका वेळी एकच जेवण बदलायचं. सगळं एकदम बदललं की कशाने काय झालं ते कळत नाही.

चूक तिसरी: थोडं थोडं म्हणजे सतत

दोन खाण्यांत अडीच ते तीन तास हवेत. नाश्त्यानंतर ४० मिनिटांनी चार खजूर खाल्ले तर तासाचा आकडा नाश्त्याचा राहत नाही, दोन्हींचा होतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या पोळीवर जातो. वहीत फक्त आकडे न लिहिता खाल्ल्याची वेळ आणि मधल्या चहाचं दूधसुद्धा लिहिलं, तर असे घोटाळे दोन दिवसांत सापडतात.

चूक चौथी: झोपण्यापूर्वीचं खाणं टाळणं, किंवा चुकीचं खाणं

सकाळी उपाशीपोटी आकडा ९७ आला की पहिला विचार येतो, रात्रीचं खाणं बंद करू. वाटतं तर्कशुद्ध, पण सहसा उलट घडतं. गरोदरपणात शरीर उपाशी अवस्थेत लवकर जातं. रात्री आठला जेवून सकाळी साडेनऊला नाश्ता म्हणजे साडेतेरा तासांचा खंड. एवढ्या वेळात शरीर चरबी जाळू लागतं आणि लघवीत कीटोन दिसू लागतात. साखर मात्र कमी होईलच असं नाही, कारण पहाटेची साखर मुख्यतः यकृत सोडत असतं. म्हणून रात्रीचा खंड नऊ-दहा तासांच्या वर जाऊ द्यायचा नाही.

काय खायचं? १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं, ती शक्यतो घट्ट आणि तंतुमय, आणि सोबत प्रथिन व थोडा स्निग्धांश. गव्हाच्या ब्रेडची एक स्लाइस, त्यावर पनीर, आणि अर्धा कप दूध. किंवा अर्धी पोळी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर आणि वाटीभर दही. नुसतं ग्लासभर दूध किंवा नुसतं फळ लवकर पचून जातं आणि उरलेली रात्र पुन्हा रिकामीच. दुसरी गंमत म्हणजे साडेनऊला जेवून सव्वादहाला हे खाणं. ते वेगळं खाणं नव्हेच, तो जेवणाचाच वाढीव भाग झाला. जेवण अलीकडे आणा, खाणं आहे तिथेच ठेवा.

या खाण्याने उपाशीपोटीचा आकडा खाली येतोच असं नाही. काहींचा येतो, काहींचा हलत नाही. आपल्या उदाहरणातल्या बाईचे जेवणानंतरचे आकडे आठवड्याभरात ताळ्यावर आले, लघवीतले कीटोन गेले, पण सकाळचा आकडा ९६ ते १०१ मध्येच अडकून राहिला. अशा वेळी रात्रीची पोळी आणखी कापत बसू नये. आठवडा-दोन आठवडे आहार नीट पाळूनही आकडे लक्ष्याच्या वर राहिले, तर तो औषधाचा प्रश्न असतो. तिला डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. एकदा इन्सुलिन सुरू झालं की झोपण्यापूर्वीचं खाणं मनाने गाळायचं नाही, आणि रात्री घाम फुटून, थरथरून जाग आली तर आधी साखर तपासायची. ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि सकाळी डॉक्टरांना कळवायचं.

चूक पाचवी: आकडे चांगले दिसावेत म्हणून कर्बोदकं कापत जाणं

पोळी पूर्ण सोडून सॅलड आणि पनीरवर राहिलं की मीटर खूश होतं. पण वजन उतरायला लागलं, लघवीत कीटोन आले, सतत भूक किंवा मळमळ राहिली, तर कर्बोदकं फार कमी झाली आहेत असं समजायचं. ती वाढवताना नाश्त्याला हात लावू नका, दुपारच्या जेवणात किंवा साडेचारच्या खाण्यात वाढवा.

आणि एक किरकोळ वाटणारी पण शाकाहारी बाईला जड जाणारी गोष्ट. लोहाची गोळी रात्रीच्या दुधाबरोबर घेण्याची सवय असेल तर ती मोडा. दुधातलं कॅल्शियम लोह शोषू देत नाही, चहाही तेच करतो. या वेळापत्रकात दूध-दह्याच्या फेऱ्या वाढलेल्या असतात, त्यामुळे गोळीला जागा शोधावी लागते. साडेदहाचं सफरचंद आणि शेंगदाणे यांच्या तासभर आधी, पाण्याबरोबर, ही वेळ बहुतेकींना जमते.