लॅबमधल्या भाऊंना आभाराचं पत्र लिहिण्याआधीची तयारी

थिसिस सबमिट झाला की बहुतेक जण ऋणनिर्देशाचं पान एका संध्याकाळी उरकतात. त्यात लॅब टेक्निशियनच्या वाट्याला "तांत्रिक सहकार्याबद्दल आभार" एवढी अर्धी ओळ येते. माझं काम संत्र्याच्या डिंक्या रोगावर होतं. काटोल, वरुड, मोर्शीकडच्या बागांमधली माती नागपूरला आणायची आणि तिच्यात हा रोग आणणारा फायटोफ्थोरा आहे की नाही ते बघायचं. हे काम उभं राहिलं ते आमच्या लॅबमधल्या भाऊंच्या हातांवर, आणि त्यांच्यासाठी ती अर्धी ओळ मला पुरेशी वाटली नाही. म्हणून त्यांना वेगळं पत्र लिहायचं ठरवलं. त्याआधी काय काय गोळा केलं आणि काय तपासलं ते इथे लिहितो आहे. तुमचा विषय वेगळा असला तरी तयारी साधारण अशीच करावी लागेल.

पहिलं काम म्हणजे लॅबमधली रजिस्टरं काढून बसा. आठवणीवर लिहू नका, कारण आठवणीत स्वभाव राहतो आणि काम निसटतं. "भाऊ फार मदत करायचे" हे आठवतं, पण त्यांनी नेमकं काय केलं ते सूक्ष्मजीव वाढवायच्या मीडियाच्या वहीत, ऑटोक्लेव्हच्या नोंदीत आणि प्लेटांच्या झाकणांवरच्या मार्करच्या अक्षरात असतं. त्या नोंदी वाचताना प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: हे झालं नसतं तर माझ्या निकालात काय बदललं असतं? ज्या गोष्टीचं उत्तर ठोस मिळेल ती पत्रात घ्यायची, बाकीची मनात ठेवायची.

माझ्या बाबतीत उत्तर कुठे सापडलं ते सविस्तर सांगतो. फायटोफ्थोरा मातीतून काढायचा तर माती कपात घेऊन तिच्यावर डिस्टिल्ड वॉटर ओततात आणि पाण्यावर लिंबूवर्गीय झाडाच्या पानाचे तुकडे तरंगत ठेवतात. मातीत तो असेल तर त्याचे पोहणारे बीजाणू पानाच्या कापलेल्या कडेला येऊन चिकटतात. दोन-तीन दिवसांनी ते तुकडे टिपून पीएआरपी नावाच्या मीडियावर ठेवायचे. या मीडियात पिमारिसिन, अँपिसिलिन, रिफाम्पिसिन आणि पीसीएनबी अशी चार औषधं असतात. मधली दोन जीवाणूंना आवरतात, पहिलं आणि शेवटचं इतर बुरशींना. पिमारिसिन बुरशीच्या पेशीतल्या अर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं. फायटोफ्थोरा बुरशीसारखा दिसला तरी खरी बुरशी नाही, तो स्वतः अर्गोस्टेरॉल बनवत नाही, म्हणून त्या मीडियावर तो वाढतो आणि बाकीच्या बुरशी मागे राहतात.

हे सगळं औषधं शाबूत असली तरच. मीडिया १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली ऑटोक्लेव्हमधून निघतो. अँटिबायोटिक्स त्यात लगेच घातली तर उष्णतेने त्यांचं काम बिघडतं. फार वेळ थांबलं तर आगर घट्ट व्हायला लागतो, औषध सारखं मिसळत नाही आणि प्लेटमध्ये गाठी पडतात. मीडिया ५० अंशांच्या आसपास आला की घालायचं. पिमारिसिनला उजेड सोसत नाही, म्हणून ओतलेल्या प्लेटा अंधारात ठेवायच्या आणि लवकर वापरायच्या. यातली एक पायरी चुकली तरी प्लेट बघून काही कळत नाही. ती तशीच स्वच्छ, तशीच पारदर्शक दिसते. कळतं ते नंतर, नमुना ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी काळी-हिरवी बुरशी सगळीकडे पसरते तेव्हा.

भाऊ प्रत्येक बॅचमधून तीन प्लेटा बाजूला काढायचे. एक कोरी. दुसरीवर पेनिसिलिअम या बुरशीचा ठिपका. तिसरीवर आमच्याकडची ओळखीची फायटोफ्थोराची कल्चर. कोरी प्लेट कोरी राहिली म्हणजे ओतताना कंटॅमिनेशन झालं नाही. पेनिसिलिअम वाढलं नाही म्हणजे औषध काम करतंय. तिसरीवर वाढ झाली म्हणजे औषध इतकंही कडक नाही की जे शोधतोय तेच मरावं. तिन्ही जुळल्या तरच ते बॅचवर तारीख घालून प्लेटा आमच्या हातात द्यायचे. एकही जुळली नाही तर अख्खी बॅच परत ऑटोक्लेव्ह करून टाकून द्यायचे आणि वहीत कारण लिहायचे.

याचं महत्त्व माझ्या निकालात असं आहे. काही बागांच्या मातीतून प्लेटवर काहीच आलं नाही. आता "काही आलं नाही" याचे दोन अर्थ होतात: मातीत फायटोफ्थोरा नव्हता, किंवा आपला मीडिया त्याला वाढू देत नव्हता. परीक्षक नेमका हाच प्रश्न विचारतो. तिसऱ्या प्लेटच्या नोंदी हातात असल्यामुळे दुसरा अर्थ बाजूला ठेवता आला. तरी एक मर्यादा राहते. माती वाटेत वाळली किंवा गाडीच्या डिकीत तापली तर फायटोफ्थोरा असूनही हाती लागत नाही. त्याचीही काळजी भाऊंनीच घेतली होती. नमुन्याच्या पिशव्या बंद, ओलसर, सावलीत, थर्माकोलच्या खोक्यात आणि बर्फाशिवाय आणायच्या असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं. पत्रात आभार मानायचे तर या गोष्टीचे मानायचे, हे वही वाचल्यावर पक्कं झालं.

दुसरी नोंद उन्हाळ्याची. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या घरात, आणि लाइट गेली की इन्क्युबेटरही खोलीबरोबर तापतो. फायटोफ्थोराला २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं, चाळिशीच्या वर त्याची वाढ थांबते आणि ताप लांबला तर कल्चर मरते. फ्रीजमध्ये ढकलून मोकळं होता येत नाही, कारण उष्ण प्रदेशातल्या काही प्रजाती ४ अंशांवर टिकत नाहीत. भाऊंनी प्रत्येक कल्चरचे आगरचे छोटे तुकडे निर्जंतुक पाण्याच्या बाटल्यांत ठेवून तो जादा संच एसी असलेल्या शेजारच्या खोलीत हलवला होता. त्या उन्हाळ्यात प्लेटांवरच्या काही कल्चर गेल्या, पण बाटल्यांतून त्या परत काढता आल्या. पत्रात याला दोन वाक्यं पुरतात.

आता एक गोष्ट पत्र लिहायला घेण्याआधी मार्गदर्शकांशी बोलून ठरवून टाका, नंतर ती अवघड होते. टेक्निशियनचं योगदान आभाराचं आहे की लेखकाचं? वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने यासाठी चार अटी एकत्र सांगितल्या आहेत: कामाच्या आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. आपलं जर्नल वेगळ्या विषयाचं असलं तरी कसोटी म्हणून हे उपयोगी पडतं. तीन प्लेटांची पद्धत भाऊंची स्वतःची होती, म्हणजे पहिल्या अटीजवळ ते पोचतात. अशा माणसाला मसुदा वाचायला द्यायचा, सुचवण्या मागायच्या आणि पुढच्या अटी पूर्ण करण्याची संधी द्यायची, हे मला योग्य वाटतं. त्यांनी नको म्हटलं तर त्यांची इच्छा. पण न विचारता लेखकांच्या यादीतून वगळायचं आणि मग हळवं पत्र लिहायचं, हे मला पटत नाही. पेपरमध्ये आभार मानायचे असले तरी त्यांची लेखी परवानगी घ्या, तशीही शिफारस आहे.

मग किरकोळ दिसणाऱ्या पण नडणाऱ्या गोष्टी. नावाचं स्पेलिंग आणि हुद्दा त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डप्रमाणे हवा, तोही त्यांनाच विचारून. लॅब असिस्टंट आणि टेक्निकल असिस्टंट यांत पगाराचा आणि मानाचा फरक असतो. विभागप्रमुखांना प्रत पाठवायची का, तेही विचारा. प्रमोशनच्या वेळी असं पत्र फाइलमध्ये असणं कामाला येतं. मात्र प्रत जाणार असेल तर रविवारी लॅब उघडून दिली, दुसऱ्या प्रोजेक्टचं केमिकल उसनं दिलं, असल्या गोष्टी त्यात नकोत. तुम्ही कौतुकाने लिहाल आणि त्यांच्याकडून खुलासा मागितला जाईल. त्या तोंडी बोला. रोज "भाऊ, तुम्ही" म्हणत असाल तर पत्रातही तसंच लिहा, "आपले अमूल्य मार्गदर्शन" नको.

मी लिहिलेला मजकूर असा होता:

"भाऊ, नमस्कार. माझ्या थिसिसच्या चौथ्या प्रकरणात काही बागांत फायटोफ्थोरा सापडला नाही असं लिहिलं आहे. ते मी ठामपणे लिहू शकलो, कारण तुम्ही प्रत्येक बॅचच्या तीन प्लेटा तपासल्याशिवाय मीडिया आमच्या हातात दिला नाही. व्हायवामध्ये याच मुद्द्यावर प्रश्न आला आणि मी तुमची वही पुढे केली. उन्हाळ्यात तुम्ही पाण्यात राखलेल्या कल्चर नसत्या तर पावसाळ्यातलं काम नव्याने सुरू करावं लागलं असतं. तुमची पद्धत मी थिसिसमध्ये तुमच्या नावाने नोंदवली आहे, ते पान सोबत जोडलं आहे. नवीन मुलांना ती शिकवताना मलाही बोलवा, मी येईन. तुमचा आभारी आहे."

पाठवण्याआधी मी हा मजकूर लॅबमधल्या एका ज्युनिअरला वाचून दाखवला, फक्त तथ्यांसाठी. पाण्याच्या बाटल्यांचं काम भाऊंबरोबर आमच्या अटेंडंट ताईंनीही केलं होतं, रोज तापमान त्याच लिहायच्या, असं तिने सांगितलं. त्यांच्यासाठी वेगळं पत्र केलं, आणि भाऊंच्या पत्रातलं ते वाक्य "तुम्ही आणि ताईंनी" असं बदललं. दोन्ही पत्रं कागदावर छापून, सही करून, एकाच दिवशी द्यायची ठेवली. एकाला मिळालं आणि दुसऱ्याला चार दिवसांनी, असं लॅबमध्ये होऊ देऊ नका.