रॅम्प आणि स्वच्छतागृहासाठी मुख्याध्यापकांना पत्र कसं लिहावं

माझ्या पहिल्या पत्रात तीनच वाक्यं होती. मुलगी व्हीलचेअरवर आहे, शाळेत रॅम्प नाही, कृपया सोय करावी. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या, त्यांनी वाचून "बघू या" म्हटलं आणि पत्र फाइलला लागलं. वर्षभरानं लक्षात आलं की त्यांच्या हातात बांधकामाचे पैसे नसतातच. अनुदानित शाळेत खर्चाला संस्थेची मंजुरी लागते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत निधी येतो. म्हणजे त्यांना माझं पत्र पुढे पाठवायचं होतं, आणि त्यात पुढे पाठवण्यासारखं काही नव्हतं. दुसरं पत्र तसं लिहिलं: ज्या माणसानं शाळा पाहिलेली नाही, त्यालाही नेमकं काय बांधायचं ते कळावं.

आधी मोजपट्टी घ्या

शनिवारी शाळा सुटल्यावर परवानगी घेऊन जा. जमिनीपासून व्हरांड्यापर्यंतची एकूण उंची मोजा. आमच्याकडे तीन पायऱ्या मिळून 18 इंच भरली. रॅम्पचा साधा हिशेब असा की दर एक इंच उंचीला किमान बारा इंच लांबी, म्हणजे 1:12. अठरा इंचांना अठरा फूट. हा आकडा ऐकून सगळेच दचकतात, कारण गवंडी सवयीनं पाच-सहा फुटांत उतार काढतो. त्या उतारावरून मोटरसायकल चढते. व्हीलचेअर ढकलणाऱ्या आयाबाईंचे पाय मात्र मागे घसरतात, आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते.

आमच्या पायऱ्यांसमोर गटारापर्यंत अकराच फूट जागा होती. "जागाच नाही" हे उत्तर तिथूनच आलं असतं. पण व्हरांड्याच्या डाव्या टोकाला भिंतीलगत पंचवीस फूट मोकळं होतं. अठरा फूट उतार आणि खाली खुर्ची वळवायला पाच फूट सपाट, दोन फूट उरले. तेव्हा समोर जागा नसेल तर बाजूनं मोजा. रुंदी किमान चार फूट धरा, दोन्ही बाजूंना कठडा सांगा आणि वरचा थर खरबरीत हवा असं लिहा. गुळगुळीत फरशीवर पहिल्याच पावसात कोणीतरी आपटतं. वर्गाचा उंबरा मोजायला विसरू नका. आमचा दोन इंचांचा होता. रॅम्प चढून आलेली खुर्ची तिथंच अडली असती.

मग स्वच्छतागृह. दाराच्या चौकटीची आतली रुंदी 22 इंच, खुर्ची 23 इंच. आत जमिनीतलं भांडं, धरायला काही नाही. मुलगी त्यामुळे सकाळी दूधही नको म्हणायची आणि पाण्याची बाटली भरलेली परत आणायची. हे मी पहिल्या पत्रात लिहिलंच नव्हतं, लाजेनं. दुसऱ्यात एका वाक्यात लिहिलं. संस्थेच्या बैठकीत तेच वाक्य वाचलं गेलं, असं नंतर कळलं.

नवं बांधा म्हणण्याआधी आहे त्यात काय होतं ते पाहा. आमच्याकडे दोन शेजारशेजारच्या खोल्यांमधली भिंत काढली की साधारण सात बाय साडेसात फूट मिळत होते. खुर्ची आत फिरायला पाच फुटांचा मोकळा गोल लागतो. दार 900 मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट, बाहेर उघडणारं किंवा सरकणारं. आत उघडणारं दार खुर्चीला अडतं, आणि मूल आत पडलं तर बाहेरून ढकलताही येत नाही. बैठक कमोडची, उंची साधारण अठरा इंच, शेजारी भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा.

कायदा किती लिहायचा?

दोन ओळी पुरे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 16 नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं इमारत आणि सुविधा दिव्यांग मुलांना वापरता येतील अशा करायच्या असतात. मान्यता असलेली विनाअनुदानित शाळाही यात येते. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टातही शाळेच्या इमारतीत अडथळ्याविना प्रवेश हवा असं आहे. पहिल्याच पत्रात न्यायालयाची भाषा नको. मुख्याध्यापकांना ते पत्र आपली बाजू म्हणून वर दाखवता आलं पाहिजे.

आजाराचा इतिहासही नको. मूल काय करू शकतं आणि कुठं अडतं एवढंच लिहा, सोबत युडीआयडी कार्डची झेरॉक्स लावा.

पत्राचा नमुना

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक,
> (शाळेचे नाव व पत्ता)
>
> विषय: इयत्ता 5 वी ब मधील विद्यार्थिनीसाठी रॅम्प व वापरण्यायोग्य स्वच्छतागृहाबाबत
>
> महोदय,
> माझी मुलगी आपल्या शाळेत शिकते. ती व्हीलचेअर वापरते. बसलेल्या जागेवरून आधार धरून दुसऱ्या जागी सरकू शकते, पायऱ्या चढू शकत नाही. सध्या तिला रोज दोन जण उचलून व्हरांड्यात ठेवतात. स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची जात नसल्याने ती शाळेत असेपर्यंत पाणी पीत नाही.
>
> आपल्या परवानगीने मापे घेतली असून कच्चा आराखडा व फोटो सोबत जोडले आहेत. विनंती अशी:
> 1. व्हरांड्याच्या डाव्या टोकाला 18 फूट लांब, 4 फूट रुंद रॅम्प (उंची 18 इंच, उतार 1:12), दोन्ही बाजूंना कठडा.
> 2. मुलींच्या स्वच्छतागृहातील शेवटच्या दोन खोल्या एकत्र करून कमोड, आधाराचे दांडे व 900 मि.मी. रुंद, बाहेर उघडणारे दार.
> 3. काम होईपर्यंत तिचा वर्ग तळमजल्यावरच ठेवावा व मदतीसाठी एका महिला कर्मचाऱ्याचे नाव ठरवून द्यावे.
>
> दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016, कलम 16 अन्वये ही विनंती आहे. हा विषय पुढील बैठकीत ठेवून 15 दिवसांत लेखी कळवावे.
>
> आपली विश्वासू,
> (पालकाचे नाव, सही, दिनांक)
>
> प्रत: सचिव, शिक्षण संस्था / अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती

तिसरा मुद्दा गाळू नका. बांधकामाला सहामाही जाते, मुलीला उद्या सकाळी शाळेत जायचं असतं. पंधरा दिवसांची मुदत कायद्यानं ठरवलेली नाही, ती आपण मागतो.

पत्र दिल्यावर

दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "सरांच्या हातात देते ना, शिक्का कशाला," असं लिपिकताई म्हणतील. हसून थांबायचं, शिक्का घेऊनच निघायचं. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पत्र पुढे कुठल्याच फाइलला लागत नाही.

शाळा दरवर्षी यू-डायस या सरकारी शाळा-माहितीच्या नोंदीत रॅम्प आणि दिव्यांग मुलांसाठीचं स्वच्छतागृह आहे की नाही याची माहिती भरते. तिथं "आहे" असं लिहिलेलं असेल तर मुख्याध्यापकांना एकांतात दाखवा. कधीकधी ते स्वच्छतागृह खरंच असतं, आणि आत खडूचे खोके नि मोडके बाक भरलेले असतात.

उत्तर आलं नाही तर आधीचा आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र द्या. मग गटशिक्षणाधिकारी, महापालिका हद्दीत शिक्षण विभाग. तिथंही हललं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, पुण्याला तक्रार करता येते. त्यांनी शिफारस केली की संबंधितांना तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. तोवरच्या सगळ्या पोचपावत्या तिथं कामी येतात.

आणि गवंडी आला त्या दिवशी हजर राहा. आमच्याकडे त्यानं दोरी ताणली ती बारा फुटांवर. "ताई, एवढा लांब कशाला, चढेल की आरामात." पत्राची प्रत पर्समध्येच होती. अठरा फुटांचा आकडा दाखवला, त्यानं संस्थेच्या सचिवांना फोन लावला आणि दोरी सहा फूट पुढे सरकवली. नव्या स्वच्छतागृहाची किल्ली मात्र पहिले आठ दिवस शिपायाच्या खिशात होती. त्यासाठी आणखी एक पत्र लिहावं लागलं, चार ओळींचं.