व्यायामाच्या तक्त्यातली एक ओळ कशी वाचावी

जिममध्ये हातात मिळालेल्या तक्त्यात अशी ओळ असते:

```
Goblet Squat | 3 x 8-10 | 3-1-1-0 | 90s | RIR 2
```

गॉब्लेट स्क्वॉट म्हणजे डंबेल छातीशी उभा धरून मारलेली बैठक. एकदा खाली जाऊन वर आलात की एक रेप. न थांबता सलग ८ ते १० रेप्स झाले की एक सेट. असे ३ सेट करायचे. बहुतेक तक्त्यांत आधी सेट, मग रेप्स लिहितात. सुरुवातीला हलक्या वजनाने केलेले वॉर्म-अपचे सेट सहसा या तिनांत धरत नाहीत.

3-1-1-0 हा टेम्पो, म्हणजे रेपचा वेग; त्याचे आकडे सेकंदांचे आहेत. ३ सेकंदांत खाली जा, तळाशी १ सेकंद थांबा, १ सेकंदात वर या, वर ० म्हणजे न थांबता पुढचा रेप. पहिला आकडा नेहमी वजन खाली नेण्याचा असतो. लॅट पुलडाउनमध्ये, म्हणजे डोक्यावरचा दांडा छातीकडे ओढण्याच्या व्यायामात, आधी ओढून वजन वर न्यावं लागतं, म्हणून तिथे सुरुवात तिसऱ्या आकड्यापासून होते; इथेच अनेकांची गफलत होते. एक रेप ५ सेकंदांचा, म्हणजे १० रेप्सना ५० सेकंद लागायला हवेत. २५ सेकंदांत सेट संपला, तर बहुधा तुम्ही खाली उतरत नसून पडत आहात.

डंबेल खाली ठेवल्यापासून ९० सेकंद मोजा. इथे घाई नको. विश्रांती कमी पडली की १०, ७, ५ अशी रेप्सची घसरगुंडी होते आणि वजन जड आहे असा चुकीचा समज होतो.

उरला आरआयआर, आणि खरी कसोटी इथेच आहे. आरआयआर २ म्हणजे शरीराची ठेवण न बिघडवता आणखी दोनच रेप्स निघाले असते, अशा टप्प्यावर थांबणे. काही तक्त्यांत हेच आरपीई ८, म्हणजे दहापैकी आठ इतका जोर, असं लिहितात. नवख्यांचा हा अंदाज बहुधा चुकतो: मांड्या जळजळल्या की संपलं असं वाटतं, पण चार-पाच रेप्स शिल्लक असतात. जळजळीपेक्षा वेगाकडे लक्ष द्या. पूर्ण जोर लावूनही वर येताना गती आपोआप मंदावू लागली, की शेवट जवळ आला. पाठ वाकली किंवा टाचा उचलल्या गेल्या, तर सेट तिथेच संपवा.

आता वजन ठरवू. समजा, १० किलोने १०, ९, ८ रेप्स झाले आणि दर वेळी दोनेक शिल्लक होते. वजन योग्य आहे, तेच ठेवा. पहिल्याच सेटला ६ वर अडलात तर ते जास्त आहे. दहाव्या रेपनंतरही पाच शिल्लक वाटले तर पुढच्या सेटला वाढवा. तिन्ही सेट १०-१०-१० झाले आणि आरआयआर २ राहिला, की पुढच्या वेळी १२ किलो घ्या. रेप्स पुन्हा ८ वर येतील. ८-१० असा पल्ला त्यासाठीच दिलेला असतो.