घेतलं, घडी घातली, पिशवीत टाकलं: स्टॉलवरच्या पत्रकात या चुका टाळा

प्रदर्शनाच्या चार दिवस आधी हमखास फोन येतो. "पत्रक तयार आहे, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघून द्या." उघडून बघावं तर पहिल्या ओळीत कंपनीचं नाव, दुसरीत स्थापनेचं वर्ष, तिसरीत "ग्राहकांच्या सेवेत सदैव तत्पर". विकायला काय ठेवलंय ते तळाशी, तेही बारीक टाइपात. ऱ्हस्वदीर्घ सुधारून मी काय दिवे लावणार?

स्टॉलचं पत्रक दोनदा वाचलं जातं. एकदा चालता चालता, दोन-तीन सेकंद. दुसऱ्यांदा आठवड्याभराने, पिशवी रिकामी करताना, "हे कुणाचं बरं?" म्हणून. बहुतेक पत्रकं या दोन्हींपैकी एकाही वाचनासाठी लिहिलेली नसतात. ती साहेबांनी खुर्चीत बसून, चहा पिता पिता मंजूर करावीत म्हणून लिहिलेली असतात.

चूक पहिली: स्वतःची ओळख करून देत बसणं

एका लहान कंपनीचं उदाहरण घेतो. यांचं काम कारखान्यातल्या कॉम्प्रेस्ड हवेच्या पाइपांमधली गळती शोधून देण्याचं. बारीक छिद्रातून हवा सुटताना जो खूप वरच्या पट्टीतला, कानाला न ऐकू येणारा आवाज होतो तो पकडणारं उपकरण त्यांच्याकडे आहे, त्यामुळे उत्पादन बंद ठेवावं लागत नाही. काम चोख. पत्रकाची सुरुवात मात्र अशी:

"औद्योगिक ऊर्जाबचतीच्या क्षेत्रात अत्याधुनिक तंत्रज्ञानावर आधारित सर्वंकष उपाययोजना पुरवणारी अग्रगण्य संस्था."

मी पहिल्यांदा मोठ्याने वाचतो. दम कुठे लागतो ते कळतं. मग पेनाने असा प्रत्येक शब्द खोडतो, जो शेजारच्या स्टॉलच्या पत्रकावरही तसाच चालला असता. अत्याधुनिक गेलं, सर्वंकष गेलं, अग्रगण्य तर गेलंच. "औद्योगिक ऊर्जाबचत" उरलं, पण तेही पंख्यापासून बॉयलरपर्यंत कुणालाही लागू पडतं. म्हणजे त्या ओळीत काही नव्हतंच.

मग मी मालकांना विचारलं, "गळती आहे हे तुमच्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा कशावरून कळतं?" ते सहज म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी. सगळी यंत्रं बंद असतात आणि कॉम्प्रेसर मात्र मधूनमधून सुरू होत राहतो." झालं, मथळा मिळाला:

यंत्रं बंद, तरी कॉम्प्रेसर सुरू होतोय?
हवा गळतेय. काम न थांबवता आम्ही जागा शोधून, खूण करून देतो.

ज्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे तो थबकतो. ज्याच्याकडे नाही तो पुढे जातो, आणि जाऊ द्यावा. सगळ्यांना थांबवणारं पत्रक करायच्या नादातच ते "सर्वंकष" उगवतं.

तपासायची माझी पद्धत अगदी साधी आहे. त्या धंद्यातला नसलेला माणूस गाठायचा, हात लांब करून पत्रक धरायचं, मनात तीन आकडे मोजून उलटं करायचं आणि विचारायचं, "हे लोक काय करतात?" "कसं वाटलं?" असं कधीच विचारू नये, लोक "छान आहे" म्हणतात आणि आपण फसतो.

चूक दुसरी: "अधिक माहितीसाठी संपर्क करा"

इथे माझीच फजिती सांगतो. एका पत्रकाचा मथळा मी तासभर घासूनपुसून चकचकीत केला. खालचा पत्ता-फोनचा भाग "तो तर बरोबरच असणार" म्हणून वाचलासुद्धा नाही. प्रदर्शन शनिवार-रविवारचं. फोन नंबर कार्यालयातल्या टेबलावरचा. आणि कार्यालयातली सगळी माणसं स्टॉलवर! दोन दिवस तो फोन रिकाम्या खोलीत वाजत राहिला. सोमवारी सुटलेल्या कॉलची यादी निघाली तेव्हा मालक मला काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. क्यूआर कोड होता, पण तो उघडायचा संकेतस्थळाचं पहिलं पान, आणि तिथे पुन्हा तेच "अग्रगण्य संस्था".

तेव्हापासून छापायला जाण्याआधी पत्रकावरचा प्रत्येक नंबर मी स्वतः लावतो. मूळ मजकुरावरून नाही, छपाईच्या पीडीएफमधून वाचून. कोण उचलतं, प्रदर्शनाच्या दिवशी तो माणूस कुठे असेल, हे विचारतो. एक सोडून बाकीचे सगळे संपर्क खोडतो. फोन, ईमेल, संकेतस्थळ आणि तीन समाजमाध्यमांची चिन्हं एका ओळीत दिसली की माणूस निवडत बसत नाही, सोडून देतो.

उरलेल्या एका रस्त्यावर नेमकं काम सांगायचं. हवागळतीवाल्यांच्या पत्रकावर शेवटी असं गेलं: "कॉम्प्रेसरवरच्या नेमप्लेटचा फोटो या नंबरवर व्हॉट्सअॅप करा. तपासणीला किती वेळ लागेल ते दुसऱ्या दिवशी कळवू." फोटो काढणं कुणालाही जमतं, आणि मालकांनाही पहिल्याच निरोपात यंत्राची क्षमता कळते. "दुसऱ्या दिवशी" हे मात्र खरंच पाळता येणार असेल तरच छापा.

त्याच नंबरचा क्यूआर कोड असा बनतो:

```
https://wa.me/<नंबर>?text=LEAK1
```

नंबर देशाच्या कोडासकट, अधिकचिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळी जागा काहीही न घालता. शेवटचा शब्द निरोपात आपोआप येतो, त्यामुळे हा माणूस कुठल्या प्रदर्शनातून आला ते कळतं. पुढच्या प्रदर्शनाला `LEAK2`. इथे एक मेख आहे. तो शब्द देवनागरीत घातला तर पत्त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात. "हवागळती" एवढ्या शब्दाची त्रेसष्ट! कोडातले चौकोन तेवढे बारीक होतात आणि कमी उजेडात फोन धडपडतो. म्हणून रोमनच, आणि छोटं. कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा हवी, आणि गडद पार्श्वभूमीवर पांढरा कोड छापायची हौस डिझायनरला करू देऊ नका. काही फोन तो वाचतात, काही नाही.

बाकीच्या, पटापट

चकचकीत लॅमिनेशन करू नका. स्टॉलवर बोलणं झालं की कोपऱ्यात बॉलपेनने "मंगळवारी फोन" असं लिहून देता आलं पाहिजे, आणि त्या कागदावर शाई बसत नाही.

मथळा वरच्या एक तृतीयांश भागात ठेवा. देणारा आणि घेणारा दोघेही पत्रक खालून धरतात, अंगठ्याखाली गेलेलं कुणी वाचत नाही.

सवलत असेल तर शेवटची तारीख वर्षासकट छापा. "मर्यादित काळासाठी" हे पिशवीतून आठवड्याने बाहेर आल्यावर संपल्यासारखंच वाटतं.

फॉन्ट बदलताना देवनागरी फुटते. पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर, जोडाक्षरात उघडा हलन्त. पीडीएफ आल्यावर "क्षमता", "स्थिती", "दुरुस्ती" असे शब्द बोट ठेवून बघा.

आणि पडद्यावर मोठं करून पसंत करू नका. ऑफिसच्या प्रिंटरवर खऱ्या मापात एक प्रत काढा, चार घड्या घाला, खिशात ठेवून दिवसभर फिरा. संध्याकाळी उलगडल्यावर घडी बरोबर फोन नंबरावरून गेलेली दिसली, तर नंबर अर्धा इंच वर सरकवा आणि मगच छापखान्यात पाठवा.