फिल्म हाती देण्यापूर्वी: कटवर राहिलेली काळी आणि पांढरी फ्रेम शोधण्याची तयारी

नाशिकमध्ये लग्नसराईत आमच्याकडे येणाऱ्या हायलाइट फिल्म बहुधा चार-पाच मिनिटांच्या असतात, गाण्याच्या ठेक्यावर कापलेल्या असतात आणि स्वागतसमारंभाच्या लॉनवर मोठ्या एलईडी भिंतीवर दाखवल्या जातात. दोन क्लिपच्या मध्ये राहून गेलेली एक काळी फ्रेम लॅपटॉपवर नजरेतून सुटते, पण अंधारलेल्या लॉनवर तेवढी उजळ भिंत क्षणभर विझली की ती प्रत्येकाला जाणवते. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ०.०४ सेकंद. संपादन करताना संगणकावर ताण असला की प्रीव्ह्यूमध्ये अधूनमधून फ्रेम गळतात आणि गळणारी फ्रेम नेमकी तीच असू शकते. म्हणून ‘मी दोनदा पाहिले आहे’ एवढ्यावर विसंबून फाइल देऊ नये. पुढील तयारी चार मिनिटांच्या फिल्मसाठी अर्ध्या तासात होते.

एक्स्पोर्ट करण्यापूर्वी टाइमलाइनवर अशा जागा आधी पाहाव्यात, जिथे कट झाल्यानंतर पुन्हा हात फिरला आहे. क्लिपचा वेग बदलला की तिची लांबी बदलते आणि ती हाताने ओढून बसवताना शेवटी एका फ्रेमची फट राहते. मोबाइलवर ३० फ्रेमने चित्रित केलेली क्लिप २५ च्या टाइमलाइनवर आणल्यावरही टोकाला असाच घोळ होतो. स्नॅपिंग बंद ठेवून क्लिप सरकवली असेल, किंवा पुरेसे हँडल नसताना क्लिपच्या टोकावर ट्रान्झिशन टाकले असेल, तर तीही जागा संशयास्पद मानावी. प्रीमियर प्रोमध्ये `Sequence` मेनूतील `Go to Gap` या आज्ञेने एका फटीवरून दुसऱ्या फटीवर जाता येते, आणि रिझॉल्व्हच्या कट पेजवरील `Boring Detector` ठरावीक फ्रेमपेक्षा लहान असलेले तुकडे दाखवतो. मात्र क्लिपच्या आतच एखादी काळी फ्रेम असेल, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तिथे फट नसतेच. त्यामुळे खरी तपासणी एक्स्पोर्ट झालेल्या फाइलवरच करावी.

एक्स्पोर्ट करताना प्रीमियरमधील `Use Previews` ही खूण काढलेली असावी. ती राहिली तर जुन्या रेंडर फाइलमधील काळी फ्रेम, टाइमलाइनवर ती दुरुस्त केलेली दिसत असतानाही, नव्या फाइलमध्ये येण्याची शक्यता राहते.

फाइल तयार झाली की एफएफएमपेग या कमांड लाइनवर चालणाऱ्या व्हिडिओ प्रोग्रामची पुढील आज्ञा चालवावी. ती नवी फाइल बनवत नाही, फक्त व्हिडिओ पूर्ण वाचून काळे भाग कुठे आहेत ते सांगते.

```
ffmpeg -i final.mp4 -vf "blackdetect=d=0.02:pic_th=0.90:pix_th=0.05" -an -f null -
```

यातील तिन्ही आकडे विचारपूर्वक बदललेले आहेत, कारण मुळातले आकडे या कामासाठी बनवलेले नाहीत. `d` म्हणजे काळा भाग किमान किती सेकंदांचा असावा. मूळ किंमत २ सेकंद आहे, म्हणजे तसेच चालवले तर एक फ्रेम कधीच सापडणार नाही. येथे ०.०४ लिहिण्याचा मोह होतो, परंतु दशांशाच्या हिशेबात किंचित फरक पडून नेमकी एका फ्रेमची नोंद सुटू शकते, म्हणून तिच्या निम्मी किंमत द्यावी. `pix_th` म्हणजे किती गडद पिक्सेलला काळा म्हणायचे. मूळ ०.१० ठेवले तर रामकुंडावर रात्री टिपलेले, चार दिवे सोडून सारा अंधार असलेले दृश्यही काळे ठरते. टाइमलाइनच्या फटीतील काळा अगदी पूर्ण काळा असतो, पण कॉम्प्रेशनमुळे शेजारच्या फ्रेमची हलकी छटा त्यात उतरते, म्हणून शून्य न ठेवता ०.०५ ठेवावे.

तिसरा आकडा `pic_th` मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्रेमचा किती हिस्सा काळा असला तर ती काळी धरायची, हे तो ठरवतो आणि त्याची मूळ किंमत ०.९८ आहे. गेल्या लग्नसराईतील एका फिल्ममध्ये वधूवरांच्या नावांची पट्टी वरच्या ट्रॅकवर होती आणि फट तिच्या खाली होती. पट्टी ९०० पिक्सेल रुंद आणि ९० पिक्सेल उंच, म्हणजे ८१,००० पिक्सेलची होती. १९२० गुणिले १०८० च्या फ्रेममध्ये हा हिस्सा सुमारे ३.९ टक्के भरतो. त्यामुळे काळा हिस्सा ९६ टक्क्यांवर थांबला, ९८ ची अट पुरी झाली नाही आणि पहिली तपासणी ‘काहीही सापडले नाही’ असे सांगून मोकळी झाली. नाव, लोगो किंवा गाण्याच्या ओळी वरच्या ट्रॅकवर असतील तर त्यांनी व्यापलेली जागा आधी मोजावी आणि `pic_th` त्याहून सैल ठेवावा. त्या फिल्मवर ०.९० देताच ही ओळ आली:

```
black_start:125.08 black_end:125.12 black_duration:0.04
```

आलेली यादी वाचताना आधी शेवटचा आकडा पाहावा. ०.०४ किंवा ०.०८ असेल तर ती चुकून राहिलेली फ्रेम असण्याचीच शक्यता जास्त. अर्धा सेकंद किंवा अधिक असेल तर ते बहुधा जाणीवपूर्वक केलेले फेड असते. फिल्मच्या सुरुवातीचा आणि शेवटचा काळा भागही यादीत येतोच. पुढचे काम म्हणजे सेकंदांवरून जागा काढणे. १२५.०८ ला २५ ने गुणले की ३१२७ येतात आणि टाइमकोड ००:०२:०५:०२ होतो. टाइमलाइन ०१:००:००:०० पासून सुरू होत असेल तर एक तास मिळवायला विसरू नये. नंतर एक्स्पोर्ट केलेली फाइल टाइमलाइनच्या सर्वांत वरच्या ट्रॅकवर ठेवून त्या जागेच्या मागेपुढे तीन-तीन फ्रेम बाणाच्या कळीने पाहाव्यात. मोबाइल ॲपमधून निघालेल्या काही फाइलचा फ्रेमदर बदलता असतो. तिथे फ्रेमचा क्रमांक जुळत नाही, म्हणून सेकंदांवरच भर द्यावा.

आता दुरुस्ती. फट दिसली की `Close Gap` करावे असे हाताला वाटते, पण गाण्यावर कापलेल्या फिल्ममध्ये ते टाळावे. पुढची सर्व चित्रे एका फ्रेमने अलीकडे सरकतात आणि गाणे जागेवरच राहते. अशा पाच फटी बंद केल्या तर शेवटचे कट ठेक्यापासून ०.२ सेकंद सुटलेले असतात. त्याऐवजी शेजारच्या दोनपैकी एक क्लिप एक फ्रेम वाढवावी. कोणती वाढवायची हे ध्वनीच्या लहरीवरून ठरवावे. वरील उदाहरणात हळदीच्या दृश्याचा वेग बदलताना ती क्लिप एक फ्रेम आखूड झाली होती आणि पुढची क्लिप ३१२८ वर सुरू होत होती. लहर मोठी करून पाहिल्यावर ढोलाचा ठोका ३१२७ वर दिसला, तेव्हा पुढच्या क्लिपचे डोके एक फ्रेम मागे ओढले आणि फट भरून कटही ठेक्यावर बसला. ठोका ३१२८ वर असता तर हळदीच्या क्लिपचे शेपूट वाढवावे लागले असते. वाढवण्यापूर्वी मूळ क्लिपमध्ये तिथे चांगली फ्रेम शिल्लक आहे ना, हे मात्र पाहावे. कॅमेरा खाली घेतानाचा झटका त्या जागी आला तर एक दोष काढून दुसरा बसवल्यासारखे होते.

पांढऱ्या फ्रेमसाठी वेगळी आज्ञा पाठ करण्याची गरज नाही. चित्र उलटे केले की पांढरे काळे होते आणि तीच चाळणी लावता येते.

```
ffmpeg -i final.mp4 -vf "negate,blackdetect=d=0.02:pic_th=0.90:pix_th=0.20" -an -f null -
```

येथे `pix_th` थोडा वर ठेवावा, कारण प्रकाशाचे ट्रान्झिशन अनेकदा पूर्ण पांढरे न होता फिकट राखाडीवर थांबते. त्याच फिल्ममध्ये या आज्ञेने दोन जागा दाखवल्या. पहिली २.२ सेकंदांची होती. अंजनेरीच्या बाजूला पावसाळ्यात ड्रोन ढगात शिरल्याचे ते दृश्य होते आणि ते फिल्ममध्ये हवेच होते. दुसरी जागा २०३.६० सेकंदांवर, फक्त एका फ्रेमची होती. कटवर बसवलेला पांढऱ्या प्रकाशाचा तुकडा वरच्या ट्रॅकवर तसाच राहिला होता आणि नंतर मी खालचा कट अर्धा सेकंद पुढे नेला होता. कट हलवला की त्याच्यावर बसवलेला प्रकाश आपोआप हलत नाही, हे या दोषाचे नेहमीचे मूळ आहे. तो तुकडा काढून टाकला, खालचे चित्र अखंडच होते.

फोटोग्राफरच्या फ्लॅशला मात्र चूक समजू नये. वरमाला घालताना चारी बाजूंनी फ्लॅश उडतात. बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे फ्लॅशचा उजेड पुष्कळदा पूर्ण फ्रेमभर न येता एका पट्ट्यात येतो आणि उरलेल्या भागात माणसे नीट दिसत राहतात. दृश्याच्या मधोमध असा पट्टा असेल तर तो प्रसंगाचाच भाग आहे, तसाच ठेवावा. तो क्लिपच्या पहिल्या किंवा शेवटच्या फ्रेमवर आला असेल तरच कट एक फ्रेम सरकवावा, कारण त्या जागी तो संपादनाची चूक वाटतो. अशा पट्ट्यासाठी वरील आज्ञेचा उपयोग होत नाही. वरमालेच्या भागातील कट हाताने एकेक पाहावेत. तिसऱ्याच दृश्याची एक फ्रेम मध्ये राहिली असेल तर तीही काळी किंवा पांढरी नसल्याने या आज्ञांना दिसत नाही.

कधी प्रोजेक्ट हाताशी नसतो, फक्त तयार फाइल असते. तेव्हा फ्रेम कापून काढू नये, कारण त्यापुढचे चित्र ०.०४ सेकंद अलीकडे येते आणि ध्वनी मागे राहतो. वाईट फ्रेम गाळून तिच्या जागी आधीची फ्रेम पुन्हा ठेवावी; लांबी आणि ध्वनी दोन्ही जसेच्या तसे राहतात.

```
ffmpeg -i final.mp4 -vf "select='not(eq(n,3127))',fps=25" -c:v libx264 -crf 16 -c:a copy final_2.mp4
```

येथे फ्रेमची मोजणी शून्यापासून होते, म्हणून वर काढलेला ३१२७ हा आकडा तसाच चालतो. व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो आणि दर्जा थोडा उतरतो, ही किंमत द्यावीच लागते. कॅमेरा वेगाने फिरत असेल तर तिथे बारीकसा अडखळाही जाणवतो. प्रोजेक्ट मिळण्याची शक्यता असेल तर मी त्यासाठी एक दिवस थांबणे पसंत करतो.

दुरुस्तीनंतर नवी फाइल एक्स्पोर्ट करून दोन्ही आज्ञा तिच्यावर पुन्हा चालवाव्यात आणि एकूण लांबी जुन्या फाइलशी जुळते का ते पाहावे. एका फ्रेमचाही फरक असेल तर कुठेतरी क्लिप सरकली आहे. शेवटी पेनड्राइव्हवरची जुनी फाइल पुसून मगच नवी चढवावी, म्हणजे लॉनवर एलईडी लावणाऱ्यांच्या लॅपटॉपवर एकाच नावाच्या दोन फाइल समोर येणार नाहीत.